फ्रँचायझी मिळाली, पण पैसे नेमके कोणाच्या खात्यात?

मागच्या महिन्यात माझ्या मामेभावाचा रात्री अकराला फोन आला. "दादा, डेअरीची एजन्सी मिळतेय. उद्या बाराच्या आत सव्वा लाख भरायचेत, नाहीतर आपला एरिया दुसऱ्याला जाईल." पैसे मामीचे दागिने गहाण ठेवून येणार होते. ब्रँड असा, की नाव सांगितलं तर तुमच्या फ्रिजमध्येही सापडेल.

फेसबुकवर जाहिरात दिसली, त्याने फॉर्म भरला, दोन तासांत फोन आला. रजिस्ट्रेशनचे साडेपाच हजार त्याने यूपीआयने दिलेही होते. मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली: लोगो, गोल शिक्का, सही आणि 'अप्रूव्हल लेटर' असं शीर्षक. त्यात लिहिलं होतं की सिक्युरिटी डिपॉझिट जमा झाल्यावर ॲग्रीमेंट कुरिअरने येईल.

मी आधी वेबसाइट उघडली. दिसायला एकदम झकास. कुलपाचं चिन्हही होतं, पण त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतची माहिती मधे कोणी वाचू शकत नाही. समोर बसलेला चोर आहे की कंपनी, हे कुलूप सांगत नाही. मग मी फॉर्ममध्ये पिनकोड म्हणून 000000 टाकला. तरी उत्तर आलं, "अभिनंदन, तुमच्या भागात जागा उपलब्ध आहे." म्हणजे मागे कसली तपासणीच नव्हती. शेवटी lookup.icann.org वर डोमेनचं नाव टाकून पाहिलं. कंपनी कित्येक वर्षं जुनी, आणि हे .com डोमेन घेऊन झाले होते 19 दिवस.

हा प्रकार नवीन नाही. 2020 मध्ये अमूलची उत्पादनं विकणारी संस्था, गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ, दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. त्या खटल्यात प्रतिवादी म्हणून पहिलंच नाव एका वेबसाइटचं होतं: amul-franchise.in. कोर्टाने अशा साइट्स बंद करायला सांगितल्या. पण नवं डोमेन काहीशे रुपयांत मिळतं, त्यामुळे एक बंद केली की दुसरी उभी राहते. इथे लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे amul-franchise.in हा amul.com चा भाग नाही. मधली ती छोटी आडवी रेघ आली की पत्ताच वेगळा होतो, आणि तो कोणीही विकत घेऊ शकतो.

बरं, खऱ्या कंपन्याही डिपॉझिट घेतात, म्हणून 'डिपॉझिट मागितलं म्हणजे फसवणूक' असं म्हणता येत नाही. फरक क्रमाचा आहे. खरी कंपनी आधी तुमची जागा बघायला माणूस पाठवते, गाळ्याचं माप घेते, रस्ता बघते. भावाच्या गाळ्याचा फोटोसुद्धा कोणी मागितला नव्हता! ॲग्रीमेंट आधी आलं तर त्यावर सही करणाऱ्याचं नाव, कंपनीचा पत्ता, पैसे परत मिळण्याची अट हे सगळं तपासता येतं. चोराला नेमकं तेच नको असतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती मात्र बँक. पूर्वी एनईएफटी करताना पैसे खाते क्रमांकावरच जायचे. नावाच्या रकान्यात तुम्ही कंपनीचं नाव लिहिलं तरी ते जुळतंय का, हे कोणी पाहत नव्हतं. डिपॉझिटवाल्यांचं फावत होतं ते इथेच. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी नाव दाखवायची सोय द्यायला सांगितलं. लाभार्थी जोडताना खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. भावाला तेवढंच करायला सांगितलं. पत्रात कंपनीचं नाव, ॲपमध्ये एका बाईंचं. बहुधा त्या बाईंनाही आपल्या खात्यावर काय चाललंय ते माहीत नसेल. अशी खाती भाड्याने घेतली जातात.

पण या सोयीवर डोळे झाकून विसंबू नका. कोणी ब्रँडच्या नावासारखीच एखादी 'एंटरप्रायझेस' काढून चालू खातं उघडलं असेल, तर नाव जुळल्यासारखं दिसेल. तेव्हा पत्रातल्या नंबरवर नाही, तर पिशवीवर किंवा खोक्यावर छापलेल्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन करून विचारायचं.

भावाने त्या माणसाला सांगितलं, "आधी ॲग्रीमेंट पाठवा." तो म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये पेमेंटशिवाय ॲग्रीमेंट जनरेटच होत नाही." मी रोज सिस्टीमच लिहितो, त्यामुळे हसूच आलं.

सव्वा लाख वाचले. साडेपाच हजारांसाठी आम्ही लगेच 1930 वर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. तिथे यूपीआयचा व्यवहार क्रमांक लागतो, स्क्रीनशॉट जपून ठेवा. पैसे अजून आलेले नाहीत. परवा मात्र त्याला नव्या नंबरवरून फोन आला: रजिस्ट्रेशन फी परत मिळेल, फक्त 999 रुपये प्रोसेसिंग चार्ज भरा.