हॅशटॅग ट्रेंडिंगचा, पण कराडचा ग्राहक कुठे?

कराड : समजा, कोल्हापूर नाक्याजवळच्या एका हॉटेलवाल्याने अख्खा मसूरचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. खाली #viral, #trending आणि त्या दिवशी गाजत असलेल्या क्रिकेट सामन्याचा हॅशटॅग. व्हिडिओ कुणाला दिसेल? सामना शोधणाऱ्याला मसूर नको असतो. तो बोटाने पुढे सरकतो आणि ‘हा व्हिडिओ लोकांना नको’ एवढाच संदेश यंत्रणेकडे जातो.

इन्स्टाग्रामवर वर्षानुवर्षे ३० हॅशटॅग चालायचे. डिसेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा पाचवर आणली गेली. म्हणजे #viral ने अडवलेली जागा आता खरोखर महाग पडते. हॅशटॅग हा भोंगा नाही, तर फाइलवरची चिठ्ठी आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

मग पाच कोणते? शोधपट्टीत हॅशटॅग लिहिला की पोस्टची संख्या दिसते. पण तिथेच थांबू नये, वरच्या पोस्ट उघडून पाहाव्यात. #karad हेच घ्या. शहराबरोबर माजी केंद्रीय राज्यमंत्री भागवत कराड यांच्यासारख्या आडनावाच्या व्यक्तींच्या बातम्याही त्यात येऊ शकतात. हॅशटॅग बरोबर, पण गर्दी मिसळलेली. त्यापेक्षा #karadfood मध्ये पोस्ट कमी असतील, पण तो उघडणारा बहुधा जेवायलाच कुठेतरी जाणारा असतो. #akkhamasoor हा पदार्थाचा, #सातारा हा जिल्ह्याचा. एखादा मोठा हॅशटॅग ठेवायला हरकत नाही, फक्त कोट्यवधी पोस्ट असलेल्या हॅशटॅगमध्ये नवी पोस्ट बघता बघता खाली जाते.

मराठीत आणखी एक गोची होते. ‘#अख्खा मसूर’ असे जागा सोडून लिहिले, तर हॅशटॅग ‘अख्खा’पाशीच संपतो. #अख्खामसूर असे जोडूनच लिहावे लागते. इंग्रजी स्पेलिंगही akkha, akha, masoor, masur असे चार प्रकारे होते. त्यातले लोक जास्त वापरतात ते शोधून घ्यावे.

न वाचता ट्रेंड उचलण्याचा फटका मोठ्या कंपन्यांनाही बसला आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत #WhyIStayed या हॅशटॅगखाली महिला घरगुती हिंसाचाराचे अनुभव सांगत होत्या. डिजॉर्नो या पिझ्झा ब्रँडने त्यावर पिझ्झ्याचा विनोद केला. ट्विट काढून टाकावे लागले, माफी मागावी लागली. हॅशटॅग कशाबद्दल आहे हे आधी वाचलेच नव्हते, असा खुलासा आला. तो वाचायला मिनिटभर लागले असते.

निवड जमली का, हे लाइक्सवरून कळत नाही. प्रोफेशनल खात्याच्या ‘इनसाइट्स’मध्ये फॉलोअर नसलेल्यांपैकी किती जणांनी पाहिले ते दिसते आणि प्रेक्षक कुठल्या शहरातले हेही. व्ह्यूज वाढले पण यादीत कराड, सांगली, सातारा नाहीतच, तर हॅशटॅग चुकला असण्याची शक्यता मोठी. तरीही चांगल्या हॅशटॅगने कंटाळवाणा व्हिडिओ चालत नाही. हॅशटॅगमुळे पोहोच फारशी वाढत नाही, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही सांगितले आहे. व्हिडिओ कशाचा आहे हे ओळखायला मात्र त्याची मदत होते, आणि कराडच्या हॉटेलवाल्याला हवे आहे ते तेवढेच.