लर्निंग लायसन्सची तयारी : चिन्हाचं नाव पाठ, पण करायचं काय?

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत पास होण्यासाठी 60 टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. त्यासाठी अनेक उमेदवार मोबाइलवर फ्लॅशकार्ड वापरतात. समोर चिन्ह, मागे त्याचं नाव. दोन दिवस कार्डं उलटली की बहुतेक नावं पाठ होतात. गडबड इथेच आहे. रस्त्यावर चिन्हाचं नाव कुणी विचारत नाही, तिथे काहीतरी करायचं असतं.

गोंधळ कुठे होतो?

निळ्या गोलावर लाल कडा आणि एक तिरपी लाल रेघ असेल, तर ते ‘नो पार्किंग’. रेघेऐवजी लाल फुली असेल, तर ‘नो स्टॉपिंग’. सुटं कार्ड पाहून दोन्ही नावं सहज सांगता येतात. पण समजा, रेल्वे स्थानकाबाहेर बहिणीला स्कूटरवरून उतरवायचं आहे. एका रेघेच्या पाटीजवळ तिला उतरवून लगेच निघता येतं. फुलीच्या पाटीजवळ तेवढंही थांबता येत नाही, पुढे जाऊनच उतरवावं लागतं. हा फरक नावात नाही, कृतीत आहे.

रेल्वे फाटकाच्या दोन चिन्हांत तर जिवाशी गाठ आहे. लाल त्रिकोणात फाटकाचं चित्र असेल, तर पुढे फाटक आणि राखणदार आहे. इंजिनाचं चित्र असेल, तर फाटकावर कुणी नाही. अशा ठिकाणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 131 नुसार गाडी थांबवावी लागते. सोबत वाहक किंवा क्लीनर असेल, तर त्याने पुढे चालत जाऊन गाडी येत नाही ना, हे पाहायचं. कुणी नसेल, तर चालकाने स्वतः उतरायचं. ‘राखणदार नसलेलं रेल्वे फाटक’ एवढंच मागे लिहिलेलं कार्ड यातलं काहीच शिकवत नाही.

कार्ड कसं असावं?

आधी आकार शिकावेत. गोल म्हणजे बंधनकारक, त्रिकोण म्हणजे सावध, आयत म्हणजे माहिती. अपवाद दोन लक्षात ठेवावेत. अष्टकोन म्हणजे ‘थांबा’ आणि उलटा त्रिकोण म्हणजे ‘रस्ता द्या’. ही दोन्ही बंधनकारक चिन्हं आहेत.

मग गोंधळाच्या जोड्या एकाच कार्डावर घ्याव्यात आणि मागे नावाखाली ‘इथे काय कराल?’ याचं उत्तर लिहावं. लाल कडेच्या गोलातलं 50 म्हणजे त्याहून वेगात जायचं नाही. निळ्या गोलातलं 50 म्हणजे त्याहून हळू जायचं नाही. आकडा तोच, आज्ञा नेमकी उलटी. चुकलेलं कार्ड त्याच दिवशी पुन्हा पाहावं, बरोबर आलेलं दोन दिवसांनी.

60 टक्क्यांची अट परीक्षेपुरती ठीक आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा की, दहापैकी चार उत्तरं चुकली तरी हाती लायसन्स येतं. त्या चारांत इंजिनाचा त्रिकोण असेल, तर रुळांवर फेरपरीक्षा नाही.