तबलजीचा हात आणि भाद्रपदांतील पुडी

श्रावण-भाद्रपदांत अलिबागेस समुद्रावरून येणारा दमट वारा घरांतील पापडासही कुरकुरीत राहूं देत नाहीं. मग तबल्याच्या कातडी पुडीची अवस्था काय वर्णावी? याच दिवसांत घरोघर गणपतीचीं भजनें रंगतात, आणि याच दिवसांत तबलजीचा हात दुखावतो. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें मला पूर्वीं वाटलें नव्हतें. गतवर्षीं आमच्या आळींतील एका तरुणाची हकीकत पाहिल्यावर तो ध्यानांत आला.

हा तरुण दिवसा एका कचेरींत संगणकावर टंकलेखन करतो. वर्षभर त्याचा तबला आठवड्यांतून एखादे वेळीं, फार तर अर्धा तास वाजे. चतुर्थीपासून मात्र तो ओळीनें पांच रात्री तीन-तीन तास बसला. तिसऱ्या सकाळीं उजवें मनगट ताठरलेलें वाटलें, तें त्यानें मनावर घेतलें नाहीं. पांचव्या दिवशीं ओलें धोतर पिळतांना कोपराच्या खालीं, हाताच्या मागील बाजूस अशी कळ आली कीं धोतर हातांतून सुटलें. तो मला म्हणाला, "गुरुजी, वाजवतों बोटांनीं आणि दुखतो कोपर, हें कसें?"

याचें उत्तर शरीररचनेंत आहे. बोटांत म्हणण्यासारखे स्नायूच नसतात. बोटें उचलणारे व मिटणारे मुख्य स्नायू कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात, आणि तेथून निघालेल्या लांब दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात. 'तिरकिट' द्रुत लयींत वाजवितांना बोट आपटण्यापेक्षां तें पुन्हां उचलण्याचेंच काम या मागच्या स्नायूंस अधिक पडतें. टंकलेखनांतही तेच स्नायू राबतात. तेव्हां रात्रीचे तीन तास हे दिवसाच्या कष्टांवर चढविलेले होते.

पण आणखी एक कारण होतें. त्याचा तबला मीं वाजवून पाहिला, तो आवाज बसलेला व ढिला. दमट हवेनें कातडें सैल पडतें, स्वर उतरतो आणि किनारीवरचा 'ना' खणखणीत निघत नाहीं. मग वादक नकळत जोर वाढवितो. पेटी व टाळ यांच्या गलबल्यांत हें त्याच्या लक्षांतही येत नाहीं. यास्तव भजनापूर्वीं गट्टे हातोडीनें खालीं ठोकून व गजरा सारखा करून तबला पेटीच्या षड्जाशीं मिळवावा, आणि मध्यंतरांत पुन्हां पाहावा. स्वर उतरला तर हातोडी उचलावी, हात उचलूं नये.

डॉक्टरांनीं त्यास दहा दिवस वादन बंद ठेवावयास सांगितलें. त्यानंतर आम्ही असा क्रम ठरविला: सकाळ-संध्याकाळ पांच-पांच मिनिटें, भजनी ठेका ठाय लयींत, 'तिरकिट' वर्ज्य. दुसऱ्या सकाळीं हात ताठरला नाहीं तर तीन दिवसांनीं प्रत्येक बैठकींत पांच मिनिटें वाढवावीं. ताठरला तर मागच्या पायरीवर यावें. दुखणें वाजवितांना कळत नाहीं, सकाळीं कळतें. म्हणून सकाळ हीच परीक्षा. सुमारें सहा आठवड्यांनीं तो अर्धा तास निर्वेध वाजवूं लागला. द्रुत लय त्यानंतर.

यंदा त्यानें आषाढांतच सराव धरला आणि दर आठवड्यास वेळ फार तर पावपटीनें वाढविला. बसण्यापूर्वीं तो पांच मिनिटें हात कोमट पाण्यांत ठेवतो, मूठ सावकाश मिटतो व उघडतो, मनगट फिरवितो. मग दहा मिनिटें संथ ठेका वाजवून लय वाढवितो. भजनांतही दोन तबलजी अर्ध्या-अर्ध्या तासानें बदलतात. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

पेटीवाल्यांसाठीं एक गोष्ट सांगतों. एकही पट्टी न दाबतां भाता भरला असतां तो लगेच उतरत असेल, तर हवा कोठें तरी गळते आहे, आणि ती भरपाई डावा हात करीत आहे. भाता दुरुस्त करून घ्यावा. पट्ट्या कोपरापेक्षां उंच येत असतील तर मनगट वांकतें. तेव्हां सतरंजीची घडी घालून त्यावर बसावें.

मात्र विश्रांतीनें भागत नाहीं अशीं कांहीं लक्षणें आहेत. आंगठा व त्याशेजारचीं दोन बोटें रात्रीं बधिर होणें, बोट मिटतांना अडकणें, मनगटावर सूज येणें किंवा पेला हातांतून निसटणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास तेल चोळीत बसूं नये. डॉक्टरांस हात दाखवावा.

त्या तरुणाच्या मातोश्री परवां सांगत होत्या, या वर्षीं विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं त्यानें आपलें धोतर आपण पिळलें.