खिडकी घेताना आधी फट पाहा

इंझोरीत घर बांधणारा गृहस्थ सिमेंट-लोखंडाचा भाव चार ठिकाणी विचारतो. खिडक्यांचे मात्र पैसे संपत आल्यावर ठरते. मग सर्वांत कमी दर मान्य होतो आणि पहिल्याच पावसात खोलीत पाणी येते. आमच्या मते हा दोष बहुधा मालाचा नसून बसवणीचा असतो.

तिन्ही प्रकारांचा स्वभाव वेगळा आहे. सागवान उन्हात कमी तापते; पण पावसाळ्यात फुगून पल्ला अडकतो. वाळवीपासून जपावे लागते आणि दर दोन-तीन वर्षांनी रंग किंवा तेलपाणी करावे लागते. अ‍ॅल्युमिनियमला रंग नको, वाळवीही लागत नाही. पण चौकट उन्हात चटका बसेल इतकी तापते. यूपीव्हीसीची चौकट उष्णता अडवते, परंतु उन्हाने वाढते. चार फूट लांबीची पट्टी तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर सुमारे अडीच मिलिमीटर लांबते. गवंड्याने ती भिंतीत सिमेंटने घट्ट आवळली तर चौकट वाकते आणि कडी लागत नाही. म्हणून चारी बाजूंनी सुमारे पाच मिलिमीटर जागा ठेवून आत फोम व बाहेरून सिलिकॉन भरावे. पोटात लोखंडी पट्टी आहे का, तेही विचारावे.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जाण्याची भोके असतात. ती सिमेंटने किंवा धुळीने बुजली की पाणी आत उतरते. बंद खिडकीवर बाहेरून दहा मिनिटे पाइपने पाणी मारून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. कब्जाच्या खिडकीत कागदाची पट्टी धरून पल्ला लावावा. ती सहज निघाली तर तिथून धूळही येणार.

दुहेरी काच चालणारे पुष्कळ विकतात. तिने बाहेरची गरम हवा अडते, पण साध्या दुहेरी काचेतून थेट ऊन बरेचसे आत येतेच. ज्या खोलीत एसी नाही आणि खिडकी उघडीच राहते, तिथे हा खर्च वाया जातो. हिशेब करा. चार बाय चारची खिडकी सोळा चौरस फुटांची. समजा दुहेरी काचेने फुटाला दोनशे रुपये वाढले, तर एका खिडकीमागे ३,२०० आणि सहा खिडक्यांचे १९,२०० झाले. त्याच पैशांत पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा किंवा बाहेरून पडदा होऊ शकेल. ऊन काचेवर पडण्याआधीच अडवणे शहाणपणाचे.

आमचा सल्ला असा: पश्चिमेला ऐपत असेल तर कब्जाची यूपीव्हीसी, इतरत्र जाड पट्टीचे अ‍ॅल्युमिनियम. जुन्या वाड्याचे पक्के सागवान घरी पडून असेल, तर ते भंगारात न देता सुताराकडून वापरून घ्यावे. दर घेताना काच, जाळी, सिलिकॉन आणि बसवणी त्यात धरली आहे काय, हे लेखी घ्यावे.