छापील पथ्यपत्रिका आणि ई-मेलचे साचे

आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलाच्या खणात छापील पथ्यपत्रिकांचा गठ्ठा असतो. रुग्णासमोर त्यातील एक काढून आपण दोन ओळींवर काट मारतो, समासात एखादी ओळ पेनाने लिहितो आणि मग ती त्याच्या हाती देतो. त्या पत्रिकेला कोणीही यांत्रिक म्हणत नाही, कारण पेनाची ती ओळ आपल्यासाठीच आहे हे रुग्णास दिसते. ई-मेलच्या बाबतीत मात्र आपण दोन टोकांना जातो. एक तर प्रत्येक पत्र रात्री अकरा वाजता नव्याने लिहीत बसतो, नाहीतर मागच्या रुग्णाला पाठविलेले पत्र उचलून नाव बदलून धाडतो.

दुसरा मार्ग मीही अनेक महिने वापरला. एकदा वरचे नाव बदलले. परंतु मधल्या परिच्छेदात आधीच्या रुग्णेच्या मासिक पाळीच्या तक्रारीचा उल्लेख तसाच राहिला आणि ते पत्र एका वयस्कर गृहस्थांना गेले. त्यांनी हसून सोडून दिले. पण ती माहिती ज्या भगिनीची होती, तिच्या विश्वासाचे काय? जुने पत्र हा साचा नव्हे, तो दुसऱ्याचा केसपेपर आहे, हे त्या दिवशी उमगले. त्यानंतर मी जीमेलमध्ये मोजके साचे तयार केले. आज ते सात आहेत: पहिल्या चौकशीचे उत्तर, भेटीची वेळ, शोधनापूर्वीचा आहार, संसर्जनक्रमाचे तीन आणि औषध रवाना केल्याचे एक.

संसर्जनक्रमाचे तीन का, हा प्रश्न एका वैद्यमित्राने विचारला. एकच साचा करून दिवसांची जागा रिकामी ठेवली तर चालणार नाही का? नाही चालणार. प्रवर शुद्धीत बारा अन्नकाल म्हणजे 7 दिवस, मध्यम शुद्धीत आठ म्हणजे 5, अवर शुद्धीत चार म्हणजे 3. येथे केवळ आकडा बदलत नाही, कोणत्या वेळी पेया आणि कोणत्या वेळी विलेपी हा सारा क्रमच बदलतो. आकडा भरला आणि क्रम जुनाच राहिला, तर रुग्ण पत्र प्रमाण मानून चुकीचा आहार घेईल. जेथे एका शब्दाने भागते तेथेच रिकामी जागा ठेवावी. जेथे मजकुराचा सांगाडा बदलतो तेथे वेगळा साचा करावा.

परगावाहून आलेल्या एका शिक्षिकेचे उदाहरण देतो. विरेचनात वेग वीसच्या आसपास झाले, शुद्धी मध्यम. त्यांना पाठविलेला साचा असा होता:

```
##संबोधन##,
स.न.वि.वि.
##स्वतःची ओळ: मागील भेटीतून##
आपले शोधन ##वार व तारीख## रोजी झाले.
त्या दिवशी सायंकाळी व दुसऱ्या दिवशी सकाळी पेया घ्यावी.
दुसऱ्या सायंकाळी व तिसऱ्या सकाळी विलेपी.
तिसऱ्या सायंकाळी अकृत यूष, चौथ्या सकाळी कृत यूष.
चौथ्या सायंकाळी व पाचव्या सकाळी ##मांसरस / मुगाचे यूष##.
पाचव्या सायंकाळपासून हळूहळू नेहमीचा आहार.
##स्वतःची ओळ: काय कळवावे##
```

येथे तारीख एकदाच आहे. पूर्वी मी पाचही दिवसांच्या तारखा भरत असे आणि महिनाअखेरीस हमखास एक चुके. एकच तारीख देऊन पुढे ‘दुसऱ्या दिवशी’, ‘तिसऱ्या सायंकाळी’ असे लिहिले की चुकीला जागा उरत नाही. बाई शाकाहारी, म्हणून मांसरसाऐवजी मुगाचे यूष. पहिली स्वतःची ओळ केसपेपरवरून घेतली: ‘पहाटे तीनला जाग येते आणि मग शाळेचेच विचार येतात, असे आपण म्हणाला होतात, या पाच रात्रींत ती जाग येते का, ते लिहून ठेवावे.’ शेवटची ओळ: ‘पेयेनंतर भूक लागली नाही तर विलेपीकडे न जाता मला दूरध्वनी करावा.’ एवढ्याच दोन ओळी लिहायला मला तीन मिनिटे लागली. बाकी मजकुराला हातही लावला नाही. बाईंचे उत्तर आले ते त्या पहाटेच्या जागेबद्दलच. स्वतःची ओळ आपोआप भरता येत नाही, ती रुग्णाच्या शब्दांतून यावी लागते. ‘आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा’ ही ओळ कोणालाही जाऊ शकते, म्हणून ती या जागी लिहू नये.

मराठीत साचा करताना इंग्रजीत न येणारी एक अडचण येते. ‘##आडनाव##ना’ असे लिहून ठेवले तर जोशींचे ‘जोशीना’ आणि देशमुखांचे ‘देशमुखना’ होते. नावाला प्रत्यय लागला की सामान्यरूप बदलते आणि साच्याला ते कळत नाही. म्हणून नाव फक्त संबोधनात, प्रत्ययाविना ठेवावे. क्रियापदांचेही तसेच. ‘आपण आला होतात’ लिहिले की पुढची स्त्री रुग्ण ‘आल्या होतात’ हवी असते. ‘आपली भेट झाली’ किंवा ‘घ्यावे, करावे, कळवावे’ ही आपली जुनी चिकित्सापत्राची भाषा दोघांनाही चालते. आणि ‘सौ.’ साच्यात कधीही ठेवू नये. ज्यांचे यजमान गेले आहेत अशा भगिनीला ते पत्र गेले तर कोणत्या शब्दांनी सावरणार? मी केसपेपरच्या कोपऱ्यात दवाखान्यातील संबोधन लिहून ठेवतो: काकू, सर, ताई, श्रीमती अमुक. पत्रातही तेच.

आता यंत्राविषयी थोडे. संगणकावर जीमेलमध्ये `Settings`, `See all settings`, `Advanced` असे जाऊन `Templates` समोर `Enable` निवडावे आणि `Save Changes` दाबावे. मग नवीन पत्राच्या खालील तीन टिंबांच्या यादीत `Templates` दिसते. साचा तेथेच जतन होतो, तेथूनच पत्रात येतो. भ्रमणध्वनीवरील जीमेलमध्ये ही सोय नाही, त्यामुळे प्रवासात घाईने उत्तर देण्याचा मोह आपोआप टळतो, हा मला लाभच वाटतो. भरलेले पत्र चुकून साचा म्हणून जतन केले तर रिकाम्या जागा नाहीशा होतात आणि रुग्णाची माहिती साच्यात शिरते. म्हणजे पुन्हा तोच माझा जुना अपराध.

रिकाम्या जागेसाठी ## हीच खूण का? कारण ती आपल्या मजकुरात अन्यथा येत नाही. पाठविण्यापूर्वी `Ctrl+F` दाबून ## शोधावे. एकही सापडता कामा नये. नव्या पत्रात पत्ता सर्वांत शेवटी भरावा, म्हणजे अर्धवट पत्र जाऊच शकत नाही. उत्तराच्या पत्रात पत्ता आधीच भरलेला असतो, म्हणून `Undo Send` ची मुदत 30 सेकंद करून ठेवावी.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी एकच सूचना. रवानगीच्या साच्यात औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत या तिन्ही जागा रिकाम्या असाव्यात. मागील बॅच नमुन्यादाखलही लिहून ठेवू नये. नमुन्याचा क्रमांक खऱ्यासारखाच दिसतो आणि ## शोधूनही तो सापडत नाही. याच कारणाने मी कल्प, मात्रा आणि अनुपान कोणत्याही साच्यात ठेवलेले नाही. ते प्रत्येक वेळी केसपेपर समोर ठेवून, नव्याने टंकित करतो.