फोनवरचा आवाज त्याचाच कशावरून? कॉल रेकॉर्डिंग, प्रयोगशाळा आणि तीन टक्क्यांची चूक

जातीवाचक शिवीगाळ असो, धमकी असो की लाचेची मागणी, आज पुरावा बहुतेक वेळा मोबाईलमधल्या रेकॉर्डिंगच्या रूपात येतो. आरोपी म्हणतो, ‘तो आवाज माझा नाही.’ मग रेकॉर्डिंग न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते आणि काही महिन्यांनी अहवाल येतो: आवाज ‘बहुधा’ एकाच व्यक्तीचा आहे. या ‘बहुधा’मध्ये नेमके काय दडले आहे, हे नाशिकसह सगळीकडच्या कार्यकर्त्यांनी समजून घेणे आता गरजेचे झाले आहे. कारण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 349 ने दंडाधिकाऱ्याला आवाजाचा नमुना देण्याचा आदेश काढण्याचा स्पष्ट अधिकार दिला आहे. तो आरोपीवर चालतो, तसाच उद्या आंदोलनातल्या आपल्या मुलांवरही चालेल.

या अधिकाराचा इतिहास थोडक्यात असा. संविधानाचे कलम 20(3) सांगते की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही. पण 1961 मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवले की हस्ताक्षर किंवा बोटांचे ठसे देणे म्हणजे ‘साक्ष’ नव्हे. रितेश सिन्हा प्रकरणात 2 ऑगस्ट 2019 रोजी न्यायालयाने हेच तत्त्व आवाजाला लावले. तेव्हा कायद्यात तशी तरतूद नव्हती. नव्या संहितेने ती केली. म्हणजे नमुना द्यायचा की नाही, हा वाद जवळजवळ संपला आहे. खरा वाद आता त्या नमुन्याचे पुढे काय होते, यावर हवा.

बोटाचा ठसा आणि आवाज यांत मूलभूत फरक आहे. ठसा आयुष्यभर तोच राहतो. आवाज सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, रागात तिसरा. म्हणून तज्ज्ञ आवाजात स्थिर काय राहते ते शोधतात. आपण स्वर उच्चारतो तेव्हा घसा आणि तोंडाची पोकळी काही ठराविक कंपनसंख्यांना उठाव देते. या उठावांना फॉर्मंट म्हणतात. तोंड किती उघडले यावर मुख्यतः पहिला फॉर्मंट ठरतो, जीभ पुढे की मागे यावर दुसरा. पुरुषाच्या ‘ई’मध्ये पहिला फॉर्मंट साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो, ‘आ’मध्ये 700 च्या आसपास. पोकळीची लांबी-रुंदी माणसागणिक वेगळी, म्हणून हे आकडेही थोडे वेगळे येतात.

एकेक स्वर मोजण्याऐवजी दुसरी पद्धत अशी की बोलण्यातले सगळे स्वर एकत्र करायचे आणि प्रत्येक फॉर्मंट एकूण कुठे-कुठे, किती वेळ राहतो याचा आलेख काढायचा. याला दीर्घकालीन फॉर्मंट वितरण म्हणतात. यात दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये तेच शब्द असण्याची गरज उरत नाही. मात्र बोलणे पुरेसे लागते. दोन शिव्या आणि एक ‘बघून घेईन’ यावर असा आलेख स्थिरावत नाही.

आता फोनची गोम पाहा. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘ई’चा पहिला फॉर्मंट नेमका या खालच्या काठावर असतो. काठाखालचा भाग कापला गेला की मोजणारे यंत्र उठाव वर सरकलेला दाखवते. ब्रिटनमधील बर्न आणि फोक्स यांनी 2004 मध्ये एकच बोलणे थेट आणि मोबाईलवरून असे दोन्हीकडे रेकॉर्ड केले. मोबाईलवर पहिला फॉर्मंट सरासरी 29 टक्के जास्त निघाला. दुसऱ्यावर परिणाम फारच कमी होता.

समजा, धमकीच्या कॉलमधल्या ‘ई’चा पहिला फॉर्मंट 390 निघाला. पोलीस ठाण्यात चांगल्या मायक्रोफोनवर घेतलेल्या नमुन्यात आरोपीचा ‘ई’ 300 चा आहे. अजाण परीक्षक म्हणेल, आवाज वेगळा. पण 300 मध्ये 29 टक्के मिळवले तर 387 येतात, म्हणजे जवळजवळ तेच. उलट, ज्याचा ‘ई’ थेट रेकॉर्डिंगमध्येच 390 चा आहे असा भलताच माणूस यात अडकू शकतो. म्हणजे एकाच चुकीने खरा सुटतो आणि निरपराध सापडतो. उपाय साधा आहे: नमुना फोनवरूनच, शक्यतो तशाच प्रकारच्या कॉलवर घ्यायचा आणि पहिल्या फॉर्मंटवर भार न टाकता दुसरा-तिसरा पाहायचा. ओरडण्यानेही पहिला फॉर्मंट वर जातो. म्हणून रागातल्या कॉलची तुलना शांतपणे वाचून घेतलेल्या कागदाशी करणे धोक्याचे असते.

चांगल्या परिस्थितीत चूक किती? जर्मनीत बेकर, जेसन आणि ग्रिगोरास यांनी 2008 मध्ये पुरुषांच्या आवाजांवर दीर्घकालीन फॉर्मंट पद्धत तपासली. चूक सुमारे 3 ते 5 टक्के आली. 3 टक्के कमी वाटतात, पण हिशेब करा. समजा, कॉल करणारा एखाद्या वस्तीतल्या 300 पुरुषांपैकी कुणीतरी आहे आणि दुसरा कोणताच पुरावा नाही. सगळ्यांची चाचणी घेतली तर खरा माणूस बहुधा जुळेल. पण उरलेल्या 299 पैकी जवळपास 9 जणसुद्धा जुळतील. म्हणजे ‘जुळला’ असा शिक्का बसलेल्या दहा जणांत दोषी एकच. संशयित इतर पुराव्याने दोघा-तिघांवर आला असेल, तर तीच चाचणी बरीच मोलाची ठरते. आकडा तोच, अर्थ वेगळा.

अमेरिकेच्या एफबीआयने 1986 मध्ये आपल्या 2000 तुलनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत 318 वेळा ‘तोच’ म्हटले, एक चुकले. 378 वेळा ‘तो नव्हे’ म्हटले, दोन चुकले. पण उरलेल्या 1304 प्रकरणांत त्यांनी निर्णयच दिला नाही. शिवाय बरोबर-चूक ठरले ते पुढच्या तपासावरून, आणि तपासावर त्याच अहवालाचा प्रभाव असू शकतो. यातून घ्यायचा धडा एकच: ‘सांगता येत नाही’ असे कधीच न म्हणणाऱ्या प्रयोगशाळेवर शंका घ्यावी.

आपल्या राज्यातला निकालही आहे. निलेश दिनकर पराडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कानांनी केलेली आवाजाची ओळख संशयास्पद ठरवली आणि आरोपीला निर्दोष सोडले. चेहऱ्यापेक्षा आवाज ओळखणे कठीण, हे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले.

म्हणून तक्रारदाराच्या बाजूने असू तेव्हा मूळ फोन आणि मूळ फाइल जपायची. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत दाबली जाते, तिच्यातले तपशील जातात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत नोंदवून घ्यायची. आणि एक लक्षात ठेवा: अॅट्रॉसिटी कायद्यात अपमान ‘सार्वजनिक दृष्टिक्षेपात’ झाला का, हा प्रश्न आवाज जुळल्याने सुटत नाही. त्याचे साक्षीदार वेगळे शोधावे लागतात.

आरोपीच्या बाजूने असू तेव्हा वकिलामार्फत तज्ज्ञाला चारच प्रश्न विचारायचे. नमुना कोणत्या फोनवर घेतला? मोजण्याजोगे बोलणे किती सेकंदांचे होते? तुलनेसाठी मराठी बोलणाऱ्या इतर किती लोकांचे आवाज वापरले? आणि या पद्धतीची चूक तुमच्या प्रयोगशाळेत किती निघाली? ज्या अहवालात यांची उत्तरे नाहीत, त्यातला ‘बहुधा’ हे विज्ञान नव्हे, अंदाज आहे.