अडतिसाव्या मिनिटानंतर काय झालं?

गेल्या एप्रिलमध्ये आपल्या विभागातल्या एका सरांचं निवृत्तीआधीचं शेवटचं लेक्चर झालं. एक तास पन्नास मिनिटं सर बोलले. सेमिनार हॉल खच्चून भरला होता, मागे बाकांवर उभी राहिलेली मंडळी होती. रेकॉर्डिंगची जबाबदारी माझ्याकडे होती. हॉस्टेलमधल्या एका मित्राचा नवा कोरा फोन मागून आणला, ट्रायपॉडवर चढवला, सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात वरचा आकडा निवडला (फोर-के, सेकंदाला ६० फ्रेम्स), लाल बटण दाबलं आणि मी निवांत पहिल्या रांगेत जाऊन बसलो. चांगलंच करायचं तर सगळ्यात चांगलं करू, हा विचार!

लेक्चर संपल्यावर फोन हातात घेतला तर चटका बसला. स्क्रीनवर फोन गरम झाल्याची सूचना. रेकॉर्डिंग ३८ व्या मिनिटाला बंद पडलेलं. सरांनी शेवटच्या अर्ध्या तासात त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या कोसळलेल्या शेडची गोष्ट सांगितली होती, स्वतःचं गणित कुठे चुकलं होतं ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. ते आता कुणाकडेच नाही. ते लेक्चर परत होणार नाही.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, आणि ते मी मेसमध्ये इतक्या वेळा मांडलंय की आता पोरं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. म्हणून इथे लिहितो. मत असं : अर्ध्या तासापेक्षा लांब कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग फोनवर करायचं असेल तर फोर-के आणि ६० फ्रेम्स ही चैन नाही, चूक आहे. १०८०पी आणि ३० फ्रेम्स लावा आणि पूर्ण कार्यक्रम घरी आणा.

आधी साधा हिशोब करू. अर्धवट राहिलेल्या त्या फाइलचा आकार होता साधारण साडेवीस जीबी. ३८ मिनिटांना साडेवीस, म्हणजे मिनिटाला सुमारे ५४० एमबी. फोनमध्ये सुरुवातीला जागा होती ४० जीबी. ४० ला ५४० नं भागलं की येतात ७४ मिनिटं. म्हणजे फोन बर्फाच्या लादीवर ठेवला असता तरी ७४ व्या मिनिटाला जागा संपून रेकॉर्डिंग थांबलंच असतं. लेक्चर ११० मिनिटांचं होतं. हे गणित चौथीतलं पोर करेल. मी थर्ड इयरला होतो, केलं नाही.

नंतर त्याच फोनवर १०८०पी, ३० फ्रेम्स लावून एक मिनिटाची फाइल काढली. १३० एमबी भरली. ११० मिनिटांचे होतात १४.३ जीबी. चाळीस जीबीत आरामात बसलं असतं आणि वर पंचवीस शिल्लक. शिवाय बहुतेक नव्या फोनमध्ये HEVC नावाचा पर्याय असतो. त्यानं त्याच दर्जाची फाइल जवळपास निम्म्या जागेत बसते. आयफोनवाल्यांना तर मोजायचीही गरज नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओच्या पानावर मिनिटाला किती एमबी लागतील ते खालीच लिहिलेलं असतं : HEVC मध्ये १०८०पी ३० ला साधारण ६० आणि फोर-के ६० ला साधारण ४००. बाकीच्यांनी एक मिनिट रेकॉर्ड करून फाइलचा आकार बघावा, कार्यक्रमाच्या मिनिटांनी गुणावा आणि उत्तर मोकळ्या जागेच्या तीन-चतुर्थांशाच्या आत आहे ना, एवढं पाहावं. नाट्यगृहात जाऊन जागा करण्यासाठी मित्राचे ट्रिपचे फोटो उडवण्यापेक्षा हे बरं.

आता गरम होण्याचं. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. फोर-केमध्ये त्याच्या चौपट. फ्रेम्स ३० च्या ६० केल्या की पुन्हा दुप्पट. म्हणजे सेकंदाला आठपट पिक्सेल सेन्सरमधून वाचायचे, त्यांचे रंग-उजेड जुळवायचे, ते दाबून लहान करायचे आणि मेमरीत लिहायचे. हे सगळं काम तळहाताएवढ्या बंद डबीत, आणि आत पंखा नाही. लॅपटॉप निदान कण्हतो तरी! फोन उष्णता बाहेर टाकणार ती फक्त स्वतःच्या पाठीतून आणि काचेतून. आठपट काम म्हणजे उष्णता बरोबर आठपट असं नाही, कारण स्क्रीन वगैरेंचा खर्च दोन्हीकडे सारखाच. पण फरक मोठा आहे आणि लांब रेकॉर्डिंगमध्ये तो साठत जातो. पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही. म्हणूनच दोन मिनिटांची चाचणी घेऊन "चालतंय की" म्हणणारा फसतो.

त्या दिवशी मी आणखी काय काय केलं होतं ते आठवलं की हसू येतं. फोन जाड रबरी कव्हरमध्ये होता. बॅटरी संपू नये म्हणून पॉवर बँक लावली होती, म्हणजे चार्जिंगची उष्णता वेगळी. मोबाइल डेटा चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण. आणि ट्रायपॉड खिडकीजवळ, एप्रिलच्या दुपारी. आयफोनची कंपनी स्वतःच सांगते की फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. एप्रिलमध्ये आपल्याकडे हवाच त्या रेषेला टेकलेली असते. म्हणजे फोनला सुरुवातच शेवटच्या पायरीवरून.

फोन बंद पडण्याआधी खुणा देतो. स्क्रीन आपोआप मंद होते, फ्लॅश लागेनासा होतो, चार्जिंग थांबतं. यातलं काही दिसलं की समजावं, वेळ थोडा उरलाय. पण त्यासाठी फोनजवळ कुणीतरी बसलेलं हवं, पहिल्या रांगेत नव्हे. आणि रेकॉर्डिंग थांबल्यावर कारण कळायचं कसं? सोपं आहे. जागा शिल्लक आणि पाठ गरम, तर उष्णता. पाठ ठीक आणि जागा शून्य, तर स्टोरेज. आमच्याकडे जवळपास वीस जीबी शिल्लक होते.

"पण क्लॅरिटी?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. मागच्या बाकावरून पूर्ण हॉल टिपला तर फोर-केमध्ये फळ्यावरची अक्षरं १०८०पीपेक्षा जास्त वाचता येतात, हे खरं. पण मागच्या बाकावरून टिपायचंच कशाला? ट्रायपॉड तिसऱ्या रांगेत आणा, फ्रेममध्ये फळा आणि सर एवढंच घ्या, छत आणि पंखे सोडा. फळा दुप्पट मोठा दिसला की फोर-केचा फायदा तिथेच भरून निघतो, तोही फुकट. आणि अगदी मागेच बसावं लागणार असेल तर फोर-के घ्या, पण ३० फ्रेम्सवर, आणि हिशोब करून. साठ फ्रेम्सचा उपयोग क्रिकेटचा चेंडू किंवा रोबोटची धावाधाव टिपायला. सर काही धावत नव्हते.

नाटकाला तर साठ फ्रेम्स उलट मारक ठरतात. यंदाच्या गॅदरिंगला हे स्वतः पाहिलं. सेकंदाला ६० फ्रेम्स म्हटल्यावर एका फ्रेमला उजेड गोळा करायला जास्तीत जास्त सेकंदाचा साठावा भाग मिळतो. ३० असतील तर तिसावा, म्हणजे दुप्पट. अंधाऱ्या रंगमंचावर, एका निळ्या स्पॉटमध्ये, हा फरक डोळ्यांना दिसतो. तालमीत दोन्ही करून पाहिलं : साठवर नायिकेच्या चेहऱ्यावर मुंग्या फिरत होत्या, तीसवर चेहरा दिसला.

गॅदरिंगचं रेकॉर्डिंग पूर्ण मिळालं. काय केलं ते सांगतो. १०८०पी, ३० फ्रेम्स. कव्हर काढलं, विमान मोड लावला (मध्येच कुणाच्या आईचा फोन यायला नको), स्क्रीनचा उजेड खाली आणला, बॅटरी आधीच पूर्ण भरून घेतली आणि रेकॉर्डिंग चालू असताना चार्जर लावला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन तासांची एकच फाइल केली नाही. दर पंचवीस-तीस मिनिटांनी, दोन प्रवेशांमधल्या अंधारात, थांबवून लगेच पुन्हा सुरू केलं.

या तुकडे करण्यामागे कारण आहे. व्हिडिओच्या फाइलला पुस्तकासारखी अनुक्रमणिका असते : कुठली फ्रेम कुठे आहे ते सांगणारी. बरेच फोन ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सगळ्यात शेवटी लिहितात. फोन गरम होऊन थांबला तर तो सहसा ती लिहून मगच थांबतो, म्हणून आमची ३८ मिनिटं तरी वाचली. पण बॅटरी अचानक गेली किंवा कुणाची तार पायात अडकून फोन आपटून बंद झाला, तर अनुक्रमणिकाच नाही. मग कित्येक जीबींची फाइल असते आणि उघडत नाही. तुकडे असले तर जातो तो एकच. दुसरा फायदा, १३० एमबीच्या हिशोबानं अर्ध्या तासाचा तुकडा ४ जीबीच्या आत राहतो. जुन्या पद्धतीनं, FAT32 मध्ये, फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. आपल्या हॉस्टेलमधले निम्मे पेन ड्राइव्ह असलेच आहेत, हे ज्यानं रात्री दोन वाजता कॉपी करून पाहिलंय त्याला सांगायला नको.

दोन तासांचे चार तुकडे झाले, मिळून साडेपंधरा जीबी. फोन कोमट झाला, गरम नाही. दुसऱ्या दिवशी कॉमन रूममधल्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिलं. हे फोर-के आहे का, असं कुणी विचारलं नाही. सगळे आपापला प्रवेश शोधत होते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की गॅदरिंगच्या आणि विभागाच्या कार्यक्रमांच्या याद्यांमध्ये, जिथे माइक, हार-नारळ, पाण्याच्या बाटल्या लिहिलेल्या असतात, तिथे एक ओळ वाढवावी : "फोन : १०८०पी, ३० फ्रेम्स, मिनिटाला किती एमबी ते मोजले का?" आणि पुढे सही करायला एक जागा. ही ओळ गेल्या एप्रिलमध्ये असती तर मी सही करताना निदान एकदा भागाकार केला असता.

सरांना मी ३८ मिनिटं दिली. त्यांनी पाहिली, म्हणाले, "छान आलंय रे, फळा स्पष्ट दिसतोय." मग थोडं थांबून म्हणाले, "शेडचं कुठाय?"